सोळा ओळींत ५,७३८ माणसं

मोबाइलच्या पडद्यावर दोन रकाने आहेत. डावीकडे ३३ पासून ४८ पर्यंतचे आकडे एकाखाली एक उतरलेले. उजवीकडे ३, १८, ८१ असे आकडे भराभर चढत १,०७९ पर्यंत जातात आणि तिथून घसरत घसरत शेवटी १ वर येऊन थांबतात. वर मथळा होता, पण स्क्रीनशॉट घेताना तो कापला गेला. खाली एका ओळीचा प्रश्न: मध्य, मध्यक आणि बहुलक काढा.

संख्याशास्त्राच्या पुस्तकातलं असं चित्र समोर आलं की विद्यार्थी एका ठरावीक पद्धतीने चुकतात. कुणी डाव्या रकान्यातल्या सोळा आकड्यांची बेरीज करून सोळाने भागतं आणि ४०.५ लिहितं. मध्यक म्हणजे मधला आकडा, म्हणून यादीच्या मधोमध बोट ठेवलं तरी पुन्हा ४०.५ च येतं. दोन उत्तरं जुळली की आपण बरोबर असल्याची खात्रीच पटते. बहुलकासाठी सगळ्यांत मोठा आकडा शोधला जातो आणि कागदावर १,०७९ उतरतो. तिन्ही उत्तरं चूक आहेत. तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे: तक्त्यात आकडे सोळा आहेत असं समजणं.

आकडे सोळा नाहीत, ५,७३८ आहेत. हा तक्ता स्कॉटलंडमधल्या मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक राखीव पथकांच्या, सैनिकांच्या छातीच्या घेराचा आहे. मूळ मापं १८१७ मध्ये एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ती पुरवली होती सैन्याला माल पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराने. पुढे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी १८४६ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा एकत्र तक्ता दिला आणि तेव्हापासून तो संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून फिरतो आहे. मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत्या अशा घंटेसारख्या वक्राचं उदाहरण हवं असलं की लेखकांना हा तक्ता हमखास आठवतो.

तो असा आहे. तिसरा रकाना पुस्तकात नसतो, तो इथे मुद्दाम जोडला आहे. त्याची गरज थोड्या वेळाने लागेल.

| छातीचा घेर (इंच) | सैनिक (वारंवारता) | संचित वारंवारता |
|---|---|---|
| ३३ | ३ | ३ |
| ३४ | १८ | २१ |
| ३५ | ८१ | १०२ |
| ३६ | १८५ | २८७ |
| ३७ | ४२० | ७०७ |
| ३८ | ७४९ | १,४५६ |
| ३९ | १,०७३ | २,५२९ |
| ४० | १,०७९ | ३,६०८ |
| ४१ | ९३४ | ४,५४२ |
| ४२ | ६५८ | ५,२०० |
| ४३ | ३७० | ५,५७० |
| ४४ | ९२ | ५,६६२ |
| ४५ | ५० | ५,७१२ |
| ४६ | २१ | ५,७३३ |
| ४७ | ४ | ५,७३७ |
| ४८ | १ | ५,७३८ |

उजवीकडच्या आकड्याला वारंवारता म्हणतात, म्हणजे डावीकडचं माप किती वेळा आलं याची मोजणी. ‘३४’ समोरच्या १८ चा अर्थ असा की मूळ यादीत ३४ हा आकडा अठरा वेळा होता. सगळी यादी छापायची तर पानंच्या पानं भरली असती. म्हणून ती घडी घालून सोळा ओळींत बसवली. मध्य, मध्यक किंवा बहुलक काढताना ही घडी मनातल्या मनात उलगडावी लागते. सैनिकांना घेरानुसार एका लांबलचक रांगेत उभं केलं आहे असं समजायचं: सुरुवातीला ३३ इंचांचे तिघे, मग ३४ चे अठरा, आणि अगदी शेवटी ४८ इंचांचा एकटा धिप्पाड गडी.

आता मध्य, म्हणजे रोजच्या बोलण्यातली सरासरी. रांगेतल्या प्रत्येकाचा घेर मिळवायचा आणि माणसांच्या संख्येने भागायचं. ३३ चे तिघे असल्यामुळे ३३ तीनदा मिळवण्याऐवजी ३३ × ३ = ९९ करून मोकळं व्हायचं. पुढे ३४ × १८ = ६१२, तसंच खाली सोळाव्या ओळीपर्यंत. सगळे गुणाकार मिळवले की २,२८,५५५ येतात. त्याला ५,७३८ ने भागलं की मध्य येतो ३९.८३ इंच. भाजक माणसांची संख्या आहे, ओळींची नाही. सोळाने भागणाऱ्याला १४ हजारांच्या वरचं उत्तर मिळतं. १४ हजार इंच छातीचा सैनिक स्कॉटलंडमध्येही नसावा, पण परीक्षेच्या घाईत असं उत्तर लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारणारे असतात.

चार आकडी गुणाकारांत घसरण्याची भीती असेल तर गृहीतमध्य पद्धत सोयीची. रांगेचा फुगवटा जिथे दिसतो तिथला ४० हा आकडा ‘समजा हाच मध्य’ म्हणून धरायचा आणि प्रत्येक ओळ त्यापासून किती इंच दूर आहे एवढंच मोजायचं. ३९ ची ओळ एक इंचाने कमी, ३८ ची दोन इंचांनी, ४१ ची एक इंचाने जास्त. या फरकांना वारंवारतेने गुणलं की कमी पडणाऱ्या इंचांची बेरीज ५,१०५ होते आणि जास्तीच्या इंचांची ४,१४०. म्हणजे सगळ्या पथकांचा मिळून तोटा ९६५ इंच. तो ५,७३८ जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.१७ इंच येतो. ४० मधून तो वजा केला की पुन्हा ३९.८३. गृहीत धरलेला आकडा चुकीचा असला तरी काही बिघडत नाही, कारण शेवटची वजाबाकी ती चूक भरून काढते. ३७ धरला तरी उत्तर हेच येईल, फक्त आकडे जरा मोठे होतील.

मध्यकासाठी रांगेच्या मध्यावर उभा असलेला माणूस शोधायचा. ५,७३८ ही सम संख्या आहे, त्यामुळे बरोब्बर मध्यावर दोघे येतात: २,८६९ वा आणि २,८७० वा. ते कुठे उभे आहेत हे तिसरा रकाना सांगतो. संचित वारंवारता म्हणजे त्या ओळीपर्यंतच्या सगळ्या माणसांची चालती बेरीज. ३९ इंचांपर्यंत २,५२९ माणसं संपतात. ४० च्या ओळीत २,५३० व्यापासून ३,६०८ व्यापर्यंतचे सगळे येतात. आपले दोघे त्यांच्यातच आहेत, म्हणून मध्यक ४० इंच.

बहुलक तर नुसत्या नजरेने सापडतो. सर्वांत मोठी वारंवारता १,०७९ आहे आणि ती ४० समोर आहे, म्हणून बहुलक ४० इंच. १,०७९ ही माणसं आहेत, बहुलक हे माप आहे. उत्तरापुढे एकक लिहायची सवय असेल तर ‘१,०७९ इंच’ लिहिताना हात आपोआप अडखळतो.

इथे काही जण पुस्तकामागची उत्तरं उघडतात आणि गोंधळतात. एखाद्या पुस्तकात मध्यक ४० असतो, दुसऱ्या पुस्तकात याच तक्त्याचा ३९.८२ छापलेला असतो. दोन्ही बरोबर असू शकतात. फरक पडतो तो ‘४०’ या शब्दाच्या अर्थामुळे. घेर हा भावंडांच्या संख्येसारखा अखंड उड्या मारत जात नाही. कुणाची छाती ३९.७ असेल, कुणाची ४०.३, आणि जवळच्या पूर्ण इंचात माप घेतलं तर दोघेही ४० च्या ओळीत जातात. असं धरलं तर ‘४०’ हा एक ठिपका न राहता ३९.५ ते ४०.५ असा इंचभर रुंदीचा वर्ग होतो. मग त्यातल्या १,०७९ जणांना त्या इंचभर जागेत सारख्या अंतरावर उभं केल्याची कल्पना करायची. अर्धी रांग म्हणजे २,८६९ माणसं. त्यांतली २,५२९ आधीच मागे पडली, उरली ३४०. वर्गात १,०७९ जण आहेत, त्यांतल्या ३४० जणांपर्यंत चालत जायचं म्हणजे ३४० भागिले १,०७९, सुमारे ०.३२ इंच. वर्गाची सुरुवात ३९.५ ला आहे, म्हणून मध्यक ३९.८२. पाठ्यपुस्तकात मध्यकाचं जे लांबलचक सूत्र चौकटीत दिलेलं असतं त्यात एवढीच गोष्ट अक्षरांत लिहिलेली असते.

```
मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h
```

L ही मध्यक ज्या वर्गात पडतो त्याची खालची मर्यादा, cf त्या वर्गाच्या आधीच्या वर्गापर्यंतची संचित वारंवारता, f त्या वर्गाची स्वतःची वारंवारता आणि h वर्गाची रुंदी. cf च्या जागी त्याच वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे २,५२९ ऐवजी ३,६०८, घालणं ही फार नेहमीची चूक. ती पकडणंही सोपं आहे, कारण कंसातली वजाबाकी ऋण येते आणि उत्तर वर्गाच्या बाहेर पडतं. उत्तर ३९.५ आणि ४०.५ च्या मध्ये नसेल तर समजायचं, आकडा एक ओळ वर जाऊन उचलायला हवा होता.

अर्थात माप पूर्ण इंचातच घ्यायचं पण वरचा तुकडा सोडून द्यायचा, म्हणजे ४०.९ लासुद्धा ४० म्हणायचं, असा मोजणाऱ्याचा शिरस्ता असेल तर वर्ग ४० ते ४१ होतो आणि सगळी उत्तरं अर्ध्या इंचाने वर सरकतात. वयाच्या तक्त्यात असंच असतं. चौदा वर्षं अकरा महिन्यांचा मुलगा स्वतःचं वय चौदाच सांगतो. नुसत्या तक्त्यावरून हे ओळखता येत नाही. ते सांगणारी ओळ मथळ्यात किंवा तक्त्याखालच्या बारीक टिपेत असते आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमकी तीच कापली जाते.

पुस्तकात बहुतेक वेळा तक्ता आणखी घट्ट घडी घालून येतो. सोळा ओळींऐवजी दोन-दोन इंचांचे आठ वर्ग करतात. आपलीच माणसं त्यात कशी दिसतात ते पाहू.

| घेराचा वर्ग (इंच) | सैनिक | संचित वारंवारता |
|---|---|---|
| ३३–३४ | २१ | २१ |
| ३५–३६ | २६६ | २८७ |
| ३७–३८ | १,१६९ | १,४५६ |
| ३९–४० | २,१५२ | ३,६०८ |
| ४१–४२ | १,५९२ | ५,२०० |
| ४३–४४ | ४६२ | ५,६६२ |
| ४५–४६ | ७१ | ५,७३३ |
| ४७–४८ | ५ | ५,७३८ |

या घडीत काहीतरी कायमचं हरवलं आहे. ३९–४० मधल्या २,१५२ जणांपैकी ३९ चे किती आणि ४० चे किती, हे आता कळायची सोय नाही. म्हणून सगळे वर्गाच्या मधोमध, ३९.५ वर उभे आहेत असं समजून चालतात. या मधल्या आकड्याला वर्गमध्य म्हणतात. वर्गमध्यांनी मध्य काढला तर तो ३९.८४ येतो. सोळा ओळींच्या तक्त्याने ३९.८३ दिला होता. आपण एवढी ढोबळ कल्पना केली तरी उत्तर फक्त एका शतांशाने हललं, कारण एका वर्गात ज्यांना थोडं वर ढकललं तितकंच दुसऱ्या वर्गात कुणाला तरी खाली ओढलं गेलं.

मध्यकाच्या वाटेवर मात्र एक खड्डा आहे. ३३–३४ नंतर थेट ३५–३६ येतो, मग ३४ आणि ३५ च्या मधली जागा कुणाची? असे वर्ग आधी सलग करून घ्यावे लागतात. खालची मर्यादा अर्ध्याने खाली, वरची अर्ध्याने वर: ३२.५ ते ३४.५, ३४.५ ते ३६.५. आता ३९–४० हा वर्ग ३८.५ ते ४०.५ झाला आणि त्याची रुंदी दोन इंच झाली. सूत्रात आकडे घातले की २,८६९ मधून १,४५६ गेले, उरले १,४१३. त्याला २,१५२ ने भागून दोनने गुणलं की १.३१. ३८.५ मध्ये ते मिळवलं की मध्यक ३९.८१. जो वर्ग सलग करायला विसरतो तो L म्हणून ३९ घेतो, ४० मधून ३९ वजा करून रुंदी १ धरतो आणि ३९.६६ वर पोचतो. हे उत्तर दिसायला अगदी सज्जन असतं. वर्गाच्या आत पडतं, बाकीच्या उत्तरांच्या जवळही असतं, आणि त्यामुळेच चूक आहे अशी शंका येत नाही.

बहुलकाचं सूत्र आणखी वेगळ्या विचाराचं आहे. सर्वांत मोठा वर्ग कोणता ते बघायचं आणि शेजारच्या दोन वर्गांपैकी जो जास्त भरलेला, त्याच्या बाजूला बहुलक सरकवायचा.

```
बहुलक = L + ((f1 − f0) / (2·f1 − f0 − f2)) × h
```

f1 ही मोठ्या वर्गाची वारंवारता, f0 आधीच्या वर्गाची, f2 नंतरच्या. आठ वर्गांच्या तक्त्यात f1 = २,१५२, f0 = १,१६९, f2 = १,५९२. अंशात ९८३, छेदात १,५४३. भागून दोनने गुणलं की १.२७, आणि ३८.५ मध्ये मिळवून बहुलक ३९.७७.

आता हेच सूत्र सोळा ओळींच्या मूळ तक्त्याला लावून बघावं, इंचभर रुंदीचे वर्ग धरून. f1 = १,०७९, f0 = १,०७३, f2 = ९३४. अंशात फक्त ६. बहुलक येतो ३९.५४. आणि घडी एका इंचाने सरकवून ३४–३५, ३६–३७ असे वर्ग पाडले तर तो ३९.८२ होतो. माणसं तीच, मापं तीच, फक्त घडी कुठे घातली ते बदललं आणि बहुलक पाव इंचाहून जास्त भटकला. मध्य आणि मध्यक या सगळ्या उलथापालथीत जेमतेम एक-दोन शतांशांनी हलतात. वर्गीकृत तक्त्यातून काढलेल्या बहुलकाला दोन दशांश स्थळं लावून मिरवण्यात फारसा अर्थ नाही, असं म्हणावं लागतं. पण परीक्षक ती मागतात, तेव्हा लिहायचीच.

ज्यांना हे संगणकावर करायचं आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरी. तक्ता स्प्रेडशीटमध्ये उतरवून `AVERAGE` किंवा `MEDIAN` लावलं आणि फक्त डावा रकाना निवडला, तर पुन्हा तेच ४०.५ मिळतं. यंत्रालासुद्धा सोळाच आकडे दिसतात. `MODE` तर चूक दाखवून थांबतं, कारण डाव्या रकान्यात कुठलाच आकडा दोनदा आलेला नाही. मापं A रकान्यात आणि वारंवारता B मध्ये, दुसऱ्या ओळीपासून असतील, तर मध्यासाठी हे लिहावं लागतं:

```
=SUMPRODUCT(A2:A17,B2:B17)/SUM(B2:B17)
```

इथवर गणित झालं. पण स्क्रीनशॉटवरून काम करताना गणिताच्या आधीच एक टप्पा येतो, आकडे वाचण्याचा, आणि तिथली चूक कुठलंच सूत्र दुरुस्त करत नाही. पुस्तकाचा फोटो वाकड्या पानावरून काढलेला असतो, तो दोन-तीन फोनांतून फिरून धूसर झालेला असतो. ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात, देवनागरीत छापलेलं असेल तर १ आणि ९. समजा ४० समोरचा १,०७९ वाचताना १,०१९ झाला. साठ माणसं गायब झाली. मध्य ३९.८३ च राहतो, मध्यक ४० च राहतो. बहुलक मात्र टुणकन ३९ वर उडी मारतो, कारण शेजारची १,०७३ ची ओळ आता सर्वांत मोठी झाली. एका धूसर आकड्याने तीनपैकी एकच उत्तर बिघडलं, आणि बाकीची दोन इतकी ठीक दिसतात की संशयाला जागाच राहत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे वारंवारतेची बेरीज. तक्त्याखाली ‘एकूण’ दिलेलं असेल किंवा प्रश्नात ‘५,७३८ सैनिकांच्या’ असं लिहिलेलं असेल, तर उजव्या रकान्याची बेरीज तेवढीच यायला हवी. १,०१९ वाचणाऱ्याची बेरीज ५,६७८ येईल आणि बरोबर साठचा फरक त्याला दशकाच्या घरातली गफलत दाखवून देईल. शेवटची ओळ फोटोत कापली गेली असेल तर बेरीज एकाने कमी पडेल. त्या एकट्या ४८ इंची गड्याच्या गैरहजेरीचा मध्यावर दिसण्याजोगा परिणाम होत नाही, तो फक्त बेरजेतूनच उघड होतो.

पण बेरीज सगळंच पकडत नाही. वाकड्या फोटोत नजर एक ओळ घसरली आणि प्रत्येक वारंवारता खालच्या मापासमोर लिहिली गेली, तर बेरीज तंतोतंत ५,७३८ भरते आणि तिन्ही उत्तरं एकेक इंचाने चुकतात. अशा वेळी दोन्ही रकान्यांतल्या नोंदी वेगवेगळ्या मोजायच्या. डावीकडे सोळा मापं आणि उजवीकडे सोळा वारंवारता असायला हव्यात, शेवटची वारंवारता सतराव्या ओळीवर लोंबकळत असेल तर घसरण झालेली आहे. पहिली आणि शेवटची जोडी (३३ ला ३, ४८ ला १) मूळ चित्राशी ताडून बघितली तरी भागतं.

नकल करतानाची ही चूक फक्त घाईतल्या विद्यार्थ्यांचीच असते असं कुणी समजू नये. केतले यांचा तक्ताच चुकीचा आहे. १८१७ च्या नियतकालिकात मापं अशी एकत्र नव्हती. ती पथकवार आणि उंची व घेर अशा दुहेरी तक्त्यांत विखुरलेली होती, आणि त्यांतून फक्त घेराचे आकडे वेचून मिळवायचे होते. त्या कामात गफलती झाल्या. संख्याशास्त्राचे अमेरिकन इतिहासकार स्टीफन स्टिगलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात मूळ छापील आकड्यांशी ताळा करून ते दाखवून दिलं. खरी बेरीज ५,७३८ नाही, ५,७३२ आहे. बहुतेक ओळींत दहा-बारांहून जास्त फरक नाही: ३७ समोर ४२० ऐवजी ४०९, ३९ समोर १,०७३ ऐवजी १,०६२, ४० समोर १,०७९ ऐवजी १,०८२. पण ४३ आणि ४४ या दोन ओळी पार बिघडल्या आहेत. केतले यांच्याकडे ३७० आणि ९२ आहेत, मुळात ३१३ आणि १६८ होते.

एवढी मोठी चूक दीडशे वर्षांच्या आसपास खपली कशी? दुरुस्त आकडे घेऊन तिन्ही मापं पुन्हा काढली की उत्तर मिळतं. मध्य ३९.८३ वरून ३९.८५ झाला. ४३ आणि ४४ हे शेजारी असल्यामुळे माणसं एका ओळीतून दुसरीत गेली तरी इंचांच्या बेरजेत फारसा फरक पडला नाही. मध्यक ३९.८२ होता, तो ३९.८२ च राहिला. त्याला फक्त मधल्या माणसाशी देणंघेणं असतं, उजवीकडे टोकाजवळ कोण कुठे उभं आहे याची तो विचारपूसही करत नाही. बहुलक सूत्राने ३९.५४ वरून ३९.६२ वर गेला, आणि तोही ४३–४४ च्या घोळामुळे नाही. ३९ आणि ४० या ओळींतल्या चौदा-पंधरा माणसांच्या फरकाने तो हलला. तिघांनाही तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या चुकीचा पत्ता लागला नाही. तो लागतो नुसत्या डोळ्यांनी उजवा रकाना वाचत खाली आलं की: ६५८, ३७०, आणि एकदम ९२. सगळीकडे सावकाश उतरणारी उतरंड तिथे अचानक कड्यासारखी तुटते. मूळ आकड्यांत ती ६४६, ३१३, १६८, ५० अशी नीट पायऱ्यापायऱ्यांनी उतरते.

मापं पुरवली होती कंत्राटदाराने. सगळ्यांची सरासरी छाती ३९.८३ आहे म्हणून सगळ्यांना त्याच मापाचे कोट शिवून कुठल्याही शिंप्याचं भागत नाही. त्याला उजवा रकाना जसाच्या तसा लागतो: ४० चे किती, ३९ चे किती, आणि तो ४८ चा एक. केतले यांच्या तक्त्यावरून कुणी कापड बेतलं असतं तर ४३ च्या मापाचे ५७ कोट उरले असते आणि ४४ इंच छातीच्या ७६ जणांना कोटच मिळाला नसता.